नुसत्या फोटोवर मोडी कागदाचे काम का अडते

वाचकाचे पत्र:

आदरणीय ताई, आमचे मूळ घर राजापूर तालुक्यात आहे. गणपतीत माळा साफ करताना आजोबांच्या लाकडी पेटीत मोडीत लिहिलेले काही कागद मिळाले. त्यांतल्या एका पानाचा फोटो मी मोडी जाणणाऱ्या एका निवृत्त गुरुजींना, रत्नागिरीच्या एका वकिलांना आणि मुंबईतल्या चुलतभावाला व्हॉट्सॲपवर पाठवला. फोटो अगदी स्वच्छ आहे, म्हणून सोबत काही लिहिले नाही. गुरुजींनी हात जोडल्याचे चिन्ह पाठवले, भावाने अंगठा पाठवला, वकिलांकडून काहीच आले नाही. आता दिवाळी आली. जमिनीचा कागद असेल तर काहीतरी करायला हवे, असे घरात सगळे म्हणतात. माणसे मदत का करत नसतील? तोच फोटो सोबत जोडला आहे. — एक वाचक

उत्तर:

तुमच्या पत्रामुळे माझ्या हाती जे आले, ते त्या तिघांच्या हाती आलेले नाही, आणि अडचण नेमकी तिथे आहे. कागद माळ्यावर सापडला, आजोबांच्या पेटीत सापडला, घर राजापूर तालुक्यात आहे, कागद एकटा नसून त्याच्यासोबत आणखी कागद आहेत आणि तो जमिनीचा असावा अशी शंका आहे, या पाच गोष्टी मला फोटोतून कळलेल्या नाहीत. त्या तुमच्या चार ओळींतून कळल्या. त्या ओळी नसत्या, तर मीही तो फोटो मोठा करून पाहिला असता, वळण चांगले आहे असे मनाशी म्हटले असते आणि पुढे काय करावे हे न कळल्यामुळे तो बाजूला ठेवला असता.

तिघांपैकी प्रत्येकाला तो फोटो कसा दिसला असेल, ते आधी पाहू. मुंबईच्या चुलतभावाला तो घरची आठवण म्हणून पाठवलेला वाटला असणार, कारण नातेवाईक एकमेकांना जुने फोटो तसेच पाठवतात आणि त्यावर अंगठा हेच योग्य उत्तर असते. वकिलांच्या दृष्टीने तो एका अनोळखी लिपीतला कागद आहे. पक्षकार कोण, वाद आहे की नाही, सल्ला हवा आहे की केवळ कागद जपून ठेवायला दिला आहे, हे ठाऊक नसताना कोणताही जबाबदार वकील एक अक्षरही लिहून पाठवणार नाही, कारण त्याने सहज लिहिलेले वाक्यसुद्धा उद्या त्याचे मत म्हणून पुढे केले जाऊ शकते. गुरुजींची अडचण सर्वांत मोठी आहे आणि तिच्याविषयी मला थोडे सविस्तर लिहायचे आहे, कारण मोडी वाचता येणारा माणूस पान पाहताक्षणी ते वर्तमानपत्रासारखे वाचून टाकतो, असा समज फार पसरलेला आहे.

मोडी लिहिणारा आधी पानभर आडव्या रेघा ओढून घेतो आणि त्या रेघांना लटकवल्यासारखी अक्षरे हात न उचलता लिहीत जातो. दोन शब्दांच्या मध्ये जागा सोडलेली नसते, विरामचिन्हे नसतात, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद बहुधा पाळलेला नसतो, आणि ओळ संपली की शब्द जिथे असेल तिथे तुटून खालच्या ओळीवर जातो. त्यामुळे वाचणारा अक्षरे ओळखत असला, तरी शब्द कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे त्याला अर्थावरून ठरवावे लागते. ‘सदरहू’, ‘मजकूर’, ‘वहिवाट’, ‘बिनतक्रार’ असे ठरावीक शब्द सरावाने लगेच सापडतात. खरे कष्ट पडतात ते विशेषनामांना: गावाचे नाव, वाडीचे नाव, शेताच्या ठिकाणाचे नाव, चतुःसीमेतल्या शेजाऱ्यांची नावे. ही नावे कोणत्याही कोशात नसतात आणि संदर्भावरून त्यांचा अंदाज बांधता येत नाही. कोकणात तर एकेका कातळाला, कोंडीला आणि कुणग्याला स्वतंत्र नाव असते आणि ते त्या वाडीबाहेर कोणालाच ठाऊक नसते. तुम्ही जर गुरुजींना गावाचे नाव, तुमचे आडनाव, घराण्यातली जुनी नावे आणि घरात अजून बोलली जाणारी चार ठिकाणांची नावे लिहून दिलीत, तर ज्या शब्दापाशी ते अर्धा तास अडून बसतील, तो शब्द त्यांना क्षणात ओळखता येईल. ही माहिती जगात फक्त तुमच्या घरात आहे.

शिवाय गुरुजींना कोणते काम सांगितले आहे, हेही कळलेले नाही. मोडी कागदाच्या बाबतीत निदान तीन वेगवेगळी कामे संभवतात. एक म्हणजे कागद कशाचा आहे एवढेच ओळखणे. त्यासाठी वरच्या दोन-तीन ओळी आणि शेवटच्या सह्या पाहिल्या तरी बहुधा पुरते. दुसरे म्हणजे लिप्यंतर, म्हणजे प्रत्येक अक्षर जसेच्या तसे देवनागरीत उतरवणे, न लागलेल्या शब्दापाशी खूण करणे आणि फाटलेली जागा फाटलेली म्हणून दाखवणे. दाट लिहिलेल्या एका पानाला एखादी सबंध दुपार सहज जाते. तिसरे म्हणजे कार्यालयात किंवा न्यायालयात सादर करण्याजोगे, सहीनिशी लिप्यंतर. त्यात जबाबदारी आहे आणि फोटोवरून असे काम करायला बरेच जाणकार तयार होत नाहीत, त्यांना मूळ कागद पाहायचा असतो. पहिले काम ओळखीखातर होते. दुसऱ्या आणि तिसऱ्या कामाला मोबदला द्यावा लागतो आणि तो आधी विचारणे हेच सभ्यपणाचे आहे. नुसता फोटो पाठवला म्हणजे यांपैकी कोणते काम अपेक्षित आहे हे विचारण्याचे ओझे गुरुजींवर पडते, आणि वडीलधारा माणूस ‘तुम्हाला नक्की काय हवे’ असे विचारायला संकोचतो. हात जोडल्याच्या चिन्हाचा अर्थ मी तरी एवढाच घेईन की फोटो पोहोचला.

आता तुम्ही पाठवलेल्या पानाकडे येऊ. तुमचे पत्र वाचून मी ते पुन्हा पाहिले आणि जेवढे लागले तेवढे सांगते. हा करारनाम्याच्या स्वरूपाचा कागद आहे. कोणत्यातरी मौज्यातल्या वरकस जमिनीचा निमे हिस्सा, त्याबद्दल ‘रुपये ७५॥ रोख पावलो’ असा मजकूर, आणि पुढे ‘सदरहू जमिनीची वहिवाट तुम्ही करावी’ असे वाक्य आहे. आकड्यापुढच्या दोन उभ्या रेघा म्हणजे अर्धा रुपया, म्हणजे आठ आणे. एकच उभी रेघ असती तर पाव रुपया झाला असता, आणि आडव्या रेघा असत्या तर त्या एकेका आण्याच्या धरल्या असत्या. पानाची शेवटची ओळ ‘मुदत तीन व’ इथे तुटते.

इथपर्यंत वाचून कोणीही म्हणेल की ही विक्री आहे: पैसे मिळाले, जमिनीची वहिवाट दिली. परंतु विक्रीच्या कागदात ‘मुदत’ कशाला येईल? मुदत आली, म्हणजे पुढे बहुधा अशी अट असणार की अमुक वर्षांत पैसे परत केले तर जमीन परत द्यावी. तसे असेल तर कागद गहाणाचा ठरतो, किंवा ज्याला मुदत खरेदी म्हणत त्या प्रकारचा, ज्यात वरवर खरेदी दिसते आणि पोटात परतीची अट असते. तुमचे पूर्वज जमीन देणारे होते की घेणारे, यावर तर सगळेच उलटसुलट होते, आणि ‘तुम्ही’ म्हणजे कोण हे वरच्या ओळींतल्या नावांवरून ठरते, जी नावे मला घराण्याची माहिती नसल्यामुळे खात्रीने लावता येत नाहीत. म्हणजे ‘व’ नंतरची अर्धी ओळ आणि दोन नावे यांवर कागदाचा सगळा अर्थ टांगलेला आहे. ती अर्धी ओळ पाठीमागच्या बाजूला असेल, दुसऱ्या पानावर असेल किंवा हरवलीही असेल. कागदाला पाठ आहे की नाही, पाठीवर लिहिलेले आहे की नाही आणि पेटीतल्या इतर कागदांत याच हस्ताक्षराचे दुसरे पान आहे की नाही, हे फोटोत दिसत नाही. ते तुम्हीच पाहून सांगू शकता.

सालाचीही अशीच गोष्ट आहे. वरच्या कोपऱ्याला घडी पडलेली आहे आणि तिच्या बाहेर फक्त ‘४५’ एवढे अंक दिसतात. हे शके १८४५ मधले अंक असतील, तर त्यात ७८ मिळवून इसवी सन १९२३ येते. जानेवारीपासून गुढीपाडव्यापर्यंतची तिथी असेल तर ७९ मिळवायचे, म्हणजे १९२४. ते अंक इसवी सनाचे असतील, तर १९४५. दोन्ही काळांत मोडी लिहिणारी माणसे कोकणात होती, त्यामुळे लिपीवरून निकाल लागत नाही. बावीस वर्षांचा हा फरक किरकोळ नाही. आपल्याकडे नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची रीत असल्यामुळे एकच नाव एका पिढीआड परत येते, आणि कागदावरचा माणूस तुमचे आजोबा की आजोबांचे आजोबा, हा प्रश्न सालावाचून सुटत नाही. नोंदणी कार्यालयातला शोधही सालाप्रमाणेच चालतो.

आणि तरीही हे साल तुमच्या हातातल्या कागदावर बहुधा लिहिलेले आहे, फक्त फोटोत आलेले नाही. फोटोची वरची कड जिथे कापली गेली आहे, तिथे रंगीत छाप्याचा खालचा थोडासा भाग दिसतो. तो स्टॅम्प पेपरचा छापा असावा. त्या छाप्यावर राजाचा मुखवटा असतो. पाचवा जॉर्ज १९१० ते १९३६ या काळात गादीवर होता आणि त्याच्या मागून, त्याच वर्षाच्या अखेरीस, सहावा जॉर्ज आला. पाचव्याला दाढी आहे, सहाव्याला नाही. दाढीचा मुखवटा निघाला तर १९२३ कडे पारडे झुकते, बिनदाढीचा निघाला तर १९४५ उरते. कागदाच्या पाठीमागे स्टॅम्प विकणाऱ्याने लिहिलेली तारीख आणि घेणाऱ्याचे नाव असण्याचा संभव आहे, आणि ती तारीख मिळाली तर मुखवट्याचीही गरज उरत नाही. फोटो काढताना तुम्ही हस्ताक्षर नीट यावे म्हणून कॅमेरा खाली घेतलात आणि छापा बाहेर राहिला, हे मी समजू शकते, कारण छापा म्हणजे मजकूर नव्हे असेच कोणालाही वाटेल. वाचणाऱ्याच्या दृष्टीने मात्र चारही कडा, घड्या, शिक्के, समासातले अंक आणि कोरी वाटणारी पाठ हे सगळे कागदातच मोडते.

पाठीचे महत्त्व आणखी एका कारणाने आहे. कागद नोंदवलेला असेल, तर दुय्यम निबंधकाचा शेरा बहुधा पाठीवर असतो: दस्ताचा अनुक्रमांक, पुस्तक क्रमांक १, त्याचा खंड, पान आणि तारीख. स्थावर मिळकतीचे दस्त १९०८ च्या नोंदणी कायद्याप्रमाणे पुस्तक क्रमांक १ मध्ये उतरवले जातात, आणि हे आकडे हाती असले की वकील त्या दस्ताची प्रमाणित नक्कल मागू शकतात. आकडे नसतील, तर नावांच्या आणि मिळकतीच्या सूचीतून साल धरून शोध घ्यावा लागतो, जो लांबतो आणि जुन्या, कसर लागलेल्या वह्यांत फसतोही. तुमच्या वकिलांना पुढच्या बाजूच्या सुंदर मोडीपेक्षा मागचा हा चार ओळींचा शेरा अधिक उपयोगाचा आहे, आणि तो अनेकदा देवनागरीत किंवा इंग्रजीत असल्यामुळे तुम्हालाही वाचता येईल.

वकिलांना आणखी एक गोष्ट हवी आहे, जी कोणत्याही कॅमेऱ्याने टिपता येत नाही. तीस वर्षांहून जुना कागद योग्य ताब्यातून पुढे आला असेल, तर त्यावरची सही आणि हस्ताक्षर खरे असल्याचे न्यायालय गृहीत धरू शकते. ही तरतूद पूर्वी पुरावा कायद्याच्या कलम ९० मध्ये होती आणि आता भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ९२ मध्ये आहे. कागद जिथे असणे स्वाभाविक आहे तिथे तो सापडला का, असा ‘योग्य ताबा’ या शब्दांचा रोख आहे. राजापूर तालुक्यातल्या मूळ घराचा माळा, आजोबांची पेटी, पेटी उघडताना कोण हजर होते, पेटी मधल्या काळात दुसरीकडे गेली होती का: हे तुम्ही आज लिहून ठेवलेत तर ते वकिलांना वापरता येईल, आणि दहा वर्षांनी घरातल्या वडीलधाऱ्यांना नीट आठवेलच असे नाही. मात्र हे गृहीतक सही आणि हस्ताक्षरापुरतेच आहे. कागदात लिहिलेला व्यवहार तेवढ्यावरून सिद्ध होत नाही, आणि या कागदाने सातबारावरचे नावही बदलत नाही.

जमीन आज कोणाच्या ताब्यात आहे, तिच्यावर कोण कसते किंवा कलमे कोणी लावली आहेत, हेही संदेशात यायला हवे. कुळकायदा १९४८ चा आहे आणि खोती नष्ट करणारा कायदा रत्नागिरीत १९५० साली अमलात आला; त्या काळात अनेक जमिनींची नावे आणि हक्क बदलले. त्याआधीच्या कागदाचा आजच्या सातबाराशी सांधा जुळवायचा तर मधला इतिहास घरच्यांनीच सांगावा लागतो. जिल्ह्याच्या नावानेही फसायला होते. सिंधुदुर्ग जिल्हा १ मे १९८१ रोजी वेगळा झाला, त्यामुळे जुन्या कागदावर ‘जिल्हा रत्नागिरी’ असले तरी गाव खाडीपलीकडच्या देवगड तालुक्यातले असू शकते, आणि मग सगळे अर्ज दुसऱ्या जिल्ह्यात करावे लागतात. तुमच्या पानावरचे मौज्याचे नाव मला अर्धवटच लागले, म्हणून घराण्याची जमीन कोणकोणत्या गावांत होती ते स्पष्ट लिहा.

आता प्रत्यक्ष काय करावे ते सांगते. तिघांना तोच फोटो पुन्हा पाठवू नका. आधी कागदाचे फोटो पुन्हा काढा: दिवसाच्या उजेडात, फ्लॅश न वापरता, कागद सपाट ठेवून, मोबाइल बरोबर वर धरून, चारही कडा दिसतील असे, पुढची आणि मागची बाजू वेगळी, आणि जिथे आकडे आहेत तिथले जवळून घेतलेले एक-दोन. कोपऱ्याची घडी कागद मऊ असेल तरच हलकेच उघडा. तो कडक झाला असेल तर तसाच राहू द्या, कारण घडीवर तुटलेले अक्षर परत येत नाही. चिकटपट्टी लावू नका आणि लॅमिनेशन तर मुळीच करू नका. व्हॉट्सॲपवर पाठवताना फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा. फोटो म्हणून पाठवला की तो दाबून लहान केला जातो, आणि आण्याची बारीक रेघ नाहीशी झाली तर रक्कमच बदलते. तुम्ही स्वच्छ म्हणता ते पान माझ्या पडद्यावर मोठे केल्यावर अक्षरांच्या कडा विरलेल्या दिसतात.

मग गुरुजींना संदेश लिहा. तो असा असावा, असे मला वाटते:

‘गुरुजी, सादर नमस्कार. मागे पाठवलेल्या फोटोसोबत काही लिहिले नव्हते, म्हणून आता सविस्तर लिहितो. आमच्या राजापूर तालुक्यातील मूळ घरी माळ्यावर आजोबांच्या पेटीत हा कागद मिळाला. एकूण सात कागद आहेत, त्यांतला हा एक. दोन्ही बाजूंचे फोटो सोबत आहेत, पुढची बाजू आधी. तो जमिनीच्या व्यवहाराचा असावा असे वाटते. सध्या एवढेच कळले तर पुरे आहे की कागद खरेदीचा आहे की गहाणाचा, देणारा आणि घेणारा कोण, गाव कोणते आणि साल कोणते. आमची जमीन अमुक आणि अमुक गावांत होती. ठिकाणांची नावे आणि घराण्यातली पाच पिढ्यांची नावे खाली लिहिली आहेत. घाई नाही, दिवाळीनंतर सवडीने पाहिले तरी चालेल. पूर्ण लिप्यंतर करून घ्यावे असे आपल्याला वाटले, तर त्याचा मोबदला किती हे कृपया सांगावे. आपल्याला जमण्यासारखे नसेल तर तसेही निःसंकोच कळवावे.’

सात हा आकडा मी उदाहरणादाखल घातला आहे. तिथे तुमचा खरा आकडा घाला. या संदेशातले शेवटचे वाक्य गाळू नका. ज्याला नाही म्हणण्याची वाट मोकळी दिसते, तो लवकर उत्तर देतो, आणि नकार आला तरी दुसऱ्या जाणकाराकडे जायला तुम्ही मोकळे होता. पहिला संदेश ज्या फोटोसोबत गेला नव्हता, त्या फोटोलाच उत्तर म्हणून हा मजकूर पाठवलात तर गुरुजींना दोन्ही एकत्र दिसतील. नव्या फोटोंना ‘१ पुढची बाजू’, ‘२ मागची बाजू’ अशी नावे द्या, म्हणजे त्यांच्या फोनमध्ये ते इतर फोटोंत मिसळले तरी ओळखता येतील.

वकिलांना आत्ताच लांब पत्र लिहिण्याची गरज नाही. कागद सापडला आहे, तो वाचून घेत आहोत, आज त्या जमिनीबद्दल कोणताही दावा किंवा नोटीस नाही, असेल तर आहे, आणि वाचून झाल्यावर भेटीची वेळ हवी आहे, एवढे तीन-चार ओळींत लिहा. कार्यालयात किंवा न्यायालयात द्यायचे लिप्यंतर कोणाचे चालते, हे त्यांनाच आधी विचारा, नाहीतर तेच काम दोनदा करून घ्यावे लागेल. नोटीस आलेली असेल तर मात्र क्रम उलटा करा: आधी नोटिशीची तारीख आणि उत्तराची मुदत वकिलांना लिहून कळवा आणि मोडीचे काम त्या मुदतीप्रमाणे लावून घ्या.

हे फोटो कुटुंबाच्या किंवा गावाच्या ग्रुपवर टाकू नका, असे मी आग्रहाने सांगेन. कागदात दुसऱ्या पक्षाच्या घराण्याचेही नाव आहे आणि त्यांचे वारस कदाचित तुमच्याच वाडीत राहतात. अर्धवट वाचलेल्या ओळीवरून ‘जमीन आमची होती’ असे कोणीतरी बोलून जाईल, आणि पाठीमागच्या बाजूला गहाण फेडल्याची पावती निघाली, तर गेलेला शब्द परत घेता येणार नाही.

चुलतभावाला संदेश पाठवण्याऐवजी फोन करा, आणि तो गुरुजींना लिहिण्याच्या आधी करा. वाटण्या झाल्या तेव्हा भांड्यांबरोबर कागदही वाटले गेले असे कोकणातल्या कितीतरी घरांत आढळते, आणि ‘मुदत तीन व’ याच्या पुढचे पान तुमच्या पेटीत नसेल तर ते चुलत्यांच्या कपाटात असण्याचा संभव सर्वांत अधिक आहे. त्याला कागदाचे वर्णन सांगा: मोडी अक्षर, वर राजाच्या मुखवट्याचा छापा, कागदाचा रंग, घड्या कशा पडल्या आहेत. त्याच्याकडे असा कागद असेल, तर त्याने तो पोस्टाने पाठवू नये. त्याच पद्धतीने दोन्ही बाजूंचे फोटो काढून ‘हे काकांच्या कपाटातले, दुसरे पान असावे’ एवढी ओळ सोबत लिहून पाठवावे.